शाफ्ट आणि हबमधली चावी: कातरली जाईल की चिरडली जाईल, हे कसे तपासावे

पुली, गिअर किंवा कपलिंग शाफ्टवर घट्ट फिरते ते मधल्या चावीच्या जोरावर. ही चावी दोन प्रकारे हार मानते. शाफ्टच्या पृष्ठभागाच्या रेषेत ती सरळ कातरली जाते, नाहीतर तिची किंवा ती बसते त्या खाचेची, म्हणजे की-वेची, बाजू दाबाखाली चिरडते. बहुतेक जण कातरणे तपासून थांबतात. चपट्या चावीत मात्र आधी जीव जातो तो दुसऱ्या प्रकारात. एका उदाहरणावर पायरीपायरीने पाहू.

शाफ्ट ४० मिमी व्यासाचा आहे. त्यावर बिडाची पुली आहे आणि तिच्या हबची लांबी ६० मिमी. गिअरबॉक्समधून ७.५ किलोवॅट शक्ती २४० फेरे प्रति मिनिट या वेगाने येते. प्रमाणित तक्त्याप्रमाणे या व्यासाला १२ मिमी रुंद आणि ८ मिमी उंच चावी लागते. बसवलेली चावी ५६ मिमी लांब, दोन्ही टोकांना गोल आहे.

आधी बल काढा. टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ फेरे, म्हणजे सुमारे २९८ न्यूटन-मीटर. पण मशीन सुरू होताना धक्का बसतो, म्हणून १.५ ने गुणून ४४८ धरू. शाफ्टच्या पृष्ठभागावरचे बल:

F = 2T ÷ d

टॉर्क न्यूटन-मिमीमध्ये घातला की २ × ४,४८,००० ÷ ४० = २२,४०० न्यूटन.

मग चावीची खरी लांबी ठरवा. गोल टोके भार घेत नाहीत, कारण भार सपाट बाजूवरच येतो. म्हणून एकूण लांबीतून रुंदी वजा करा: ५६ − १२ = ४४ मिमी. ही वजाबाकी विसरली तर हिशेब उगाच सव्वापटीहून जास्त मजबूत दिसतो.

कातरणे तपासा. कातरले जाणारे क्षेत्रफळ म्हणजे रुंदी गुणिले लांबी, १२ × ४४ = ५२८ चौरस मिमी. ताण २२,४०० ÷ ५२८ = सुमारे ४२ न्यूटन प्रति चौरस मिमी. चावी मध्यम कार्बन पोलादाची आणि तिची यील्ड मर्यादा ३५० धरली, तर कातरण्याची मर्यादा तिच्या निम्मी. तिला २.५ या सुरक्षा गुणकाने भागून ७० पर्यंतचा ताण चालतो. इथे चावी आरामात पास.

आता चिरडणे, आणि इथे सावकाश चला. अभ्यासक्रमात उंचीचा अर्धा भाग हबमध्ये धरतात, म्हणजे ४ मिमी. ताण २२,४०० ÷ (४ × ४४) = १२७. पोलादासाठी ३५० ÷ २.५ = १४० चालतो, म्हणून कागदावर हीही पास. पण या चावीसाठी शाफ्टमधली खाच ५ मिमी खोल असते. बाहेर उरतात फक्त ३ मिमी! हबमधली खाच ३.३ मिमी असली तरी वरचा ०.३ मिमी हा मोकळा फट असतो, तो भार घेत नाही. खरा ताण २२,४०० ÷ (३ × ४४) = सुमारे १७०. चावीच्या कडांचा लहान चॅम्फर धरला तर आणखी थोडा जास्त.

शिवाय मर्यादा चावीच्या पोलादाची नव्हे, तर चावी, शाफ्ट आणि हब या तिघांपैकी सर्वांत कमजोर वस्तूची लावायची. इथे ते बीड आहे, आणि त्याला मी ८० च्या वर जाऊ देणार नाही. म्हणजे दुपटीहून जास्त ताण.

उपाय निवडताना लांबी वाढवायचा मोह होतो, पण शाफ्टच्या व्यासाच्या साधारण दीडपटीपुढची लांबी फारशी कामाला येत नाही. शाफ्टला पीळ बसतो आणि ज्या बाजूने टॉर्क येतो तिथेच जास्त भार पडतो. म्हणून हब पोलादी करा आणि चावी चौकोनी टोकांची घ्या: ताण २२,४०० ÷ (३ × ५६) = १३३, जो १४० च्या आत आहे. मात्र एंड मिलने केलेल्या खाचेची टोके गोलच राहतात, त्यामुळे चौकोनी टोकांच्या चावीसाठी खाच १२ मिमी लांबवावी लागेल. आणि मग चावी सरकू नये म्हणून हबवर सेट स्क्रू हवा. हे जमत नसेल तर शाफ्टचा व्यास वाढवणे उत्तम, कारण त्याने बलही कमी होते आणि चावीही मोठी बसते.

चालू मशीनवर चिरडणे ओळखता येते. सुरू करताना किंवा दिशा बदलताना ठक् असा आवाज येतो आणि की-वेपाशी तांबूस-तपकिरी भुकटी दिसते. मशीन बंद करून, मेन स्विचला कुलूप लावून, हबला डायल गेज टेकवा आणि शाफ्ट धरून हब हाताने मागे-पुढे हलवा. गेजची सुई हलली तर बाजू झिजल्या आहेत. कातरलेली चावी वेगळी दिसते: शाफ्टच्या कडेला लागून सरळ तुकडा पडतो आणि की-वेच्या बाजू बऱ्याचदा शाबूत असतात. अशा वेळी टणक टूल बिट घासून चावी म्हणून ठोकू नका. चावी टिकेल, पण पुढच्या अडकणीत की-वे किंवा शाफ्टच जाईल, आणि तो बदलणे चावी बदलण्याइतके सोपे नाही.