श्वासनलिकेची स्लाइड आणि एपिथेलियमचा घोळ

पहिल्या वर्षी स्पॉटिंगमध्ये मी श्वासनलिकेच्या स्लाइडखाली ‘स्ट्रॅटिफाइड’ असं लिहून आले होते. केंद्रकं तीन-चार पातळ्यांवर दिसली, म्हणजे थर तीन-चार, असा सरळ हिशेब केला होता. हीच चूक दरवर्षी नव्या मुलांच्या वहीत दिसते, म्हणून इथे तेवढंच नीट सांगते.

व्याख्या सगळ्यांना पाठ असते. सिंपलमध्ये पेशींचा एकच थर, स्ट्रॅटिफाइडमध्ये अनेक थर आणि फक्त सर्वांत खालचा थर बेसमेंट मेंब्रेनला टेकलेला. स्यूडोस्ट्रॅटिफाइडमध्ये प्रत्येक पेशी तळाला टेकते, पण सगळ्या पेशी वरपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे केंद्रकं वरखाली दिसतात. अडचण अशी की नेहमीच्या एच अँड ई स्लाइडवर पेशींच्या कडा धड दिसतच नाहीत. कोणती पेशी तळाला टेकली आहे हे साध्या सूक्ष्मदर्शकातून शोधायला गेलात तर वेळ वाया जाईल. दिसतात ती केंद्रकं, तेव्हा तीच वाचायला शिकायची. नुसती मोजायची नाहीत, तर तळापासून वर जाताना त्यांचा आकार कसा बदलतो ते पाहायचं.

श्वासनलिका आणि अन्ननलिका या दोन्ही स्लाइड पाठोपाठ लावून बघा. आधी 4x वर लुमेनची पांढरी पोकळी शोधा आणि तिची कड पकडा, मग 10x, मग 40x.

अन्ननलिकेत तळाशी गडद, दाटीवाटीची केंद्रकं असतात. मधे पेशी मोठ्या, बहुकोनी होतात, केंद्रकं गोल आणि सुटी सुटी. अगदी वर पोहोचलात की केंद्रकं चपटी होऊन पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असतात. असा आडवेपणा दिसला की स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस. नाव वरच्या थरावरून द्यायचं, तळाच्या पेशी उंच किंवा चौकोनी दिसल्या तरी. त्वचेतही हेच, फक्त वर केंद्रक नसलेला केराटिनचा गुलाबी पट्टा असतो.

श्वासनलिकेत तळाशी लहान गोल केंद्रकांची एक ओळ दिसते. त्यांच्या वर लांबट केंद्रकं, पण ती उभी. कितीही वर गेलात तरी एकही आडवं पडत नाही. शिवाय लुमेनच्या बाजूला केंद्रकंच नसलेला एक गुलाबी पट्टा उरतो आणि त्यावर सिलियाची बारीक झालर. फाइन फोकस हळूच पुढे-मागे केलात की ती झालर स्पष्ट होते. मधे मधे फिकट, फुगलेल्या गॉब्लेट पेशी दिसतात. खाली हायलाइन कूर्चा दिसला तर अवयवाची खात्री पटते, पण एपिथेलियमचं उत्तर कूर्चा बघून लिहू नका.

खरी फसगत होते ती तिरप्या कापामुळे. आतड्याच्या व्हिलायवर सिंपल कॉलमनर असतं, केंद्रकं तळाजवळ एका ओळीत. पण काप तिरपा गेला की तीच ओळ दोन-तीन पदरी भासते. पित्ताशयाच्या घड्यांमध्येही असंच होतं. अशा वेळी स्लाइड सरकवत सगळ्यात पातळ जागा शोधायची, मात्र तिथे तळ आणि लुमेनची कड दोन्ही दिसायला हवेत. तिरप्या कापाने जाडी वाढते, कमी होत नाही. त्या पातळ जागी केंद्रकांची एकच ओळ असेल तर ते सिंपल. तिथेही केंद्रकं वरखालीच असतील तर स्यूडोस्ट्रॅटिफाइड म्हणायला आधार आहे. एका फील्डवरून उत्तर लिहायचं नाही, ही सवय मला या स्लाइडनेच लावली.

सिंपलच्या बाकीच्या प्रकारांत फारसा गोंधळ होत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या कडेला चपटी केंद्रकं एकेकटी, थायरॉइडच्या फॉलिकलभोवती गोल केंद्रकांची माळ.

सिलिया नाहीत म्हणून लगेच स्यूडोस्ट्रॅटिफाइड बाद करू नका. एपिडिडिमिसमध्येही तेच एपिथेलियम आहे. तिथे तळाशी लहान गोल केंद्रकं, वर उंच पेशींची लांबट केंद्रकं आणि पृष्ठभागावर लांब स्टिरिओसिलिया, जे बरेचदा झुपक्यांसारखे एकमेकांना चिकटलेले दिसतात. लुमेनमध्ये शुक्राणूंचा पुंजका असेल तर शंकाच उरत नाही.

आणखी एक सांगायला हवं. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासमार्गात काही ठिकाणी सिलिया जाऊन स्ट्रॅटिफाइड स्क्वॅमस तयार होतं. याला स्क्वॅमस मेटाप्लेझिया म्हणतात. अशा स्लाइडवर कूर्चा श्वासनलिकेचाच असतो, पण एपिथेलियमच्या वरच्या थरात केंद्रकं आडवी पडलेली दिसतात. तिथे अवयवावरून ‘स्यूडोस्ट्रॅटिफाइड’ लिहिलं तर चुकेल.