पाळणाघर की नोकरी? हिशेबातल्या या चुका टाळा

"सहा हजारांसाठी एवढी धावपळ कशाला? त्यापेक्षा घरीच थांबते." बाळंतपणाची रजा संपत आली की ठाण्यातल्या कितीतरी घरांत हे बोलणं होतं. घरी थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्या सहा हजारांच्या आकड्यात बहुतेक वेळा चूक असते, आणि चुकीच्या आकड्यावर चांगली नोकरी सुटते याचं मला फार वाईट वाटतं.

समजा, घर मानपाड्याला आणि आईचं ऑफिस ऐरोलीला आहे. तिच्या पगाराच्या स्लिपवर बेसिक १८,००० आणि भत्ते धरून एकूण ३०,००० रुपये आहेत. पीएफचे २,१६० आणि व्यवसाय कराचे २०० कापून तिच्या हातात २७,६४० येतात.

कोटेशनचा पहिला आकडा म्हणजे फी नव्हे

पाळणाघराने महिना १४,००० सांगितले, पण ते संध्याकाळी साडेसहापर्यंतचे. ऐरोलीहून साडेसहाला निघालं तर ठाणे स्टेशन आणि पुढची रिक्षा धरून साडेसात होणारच. जादा तासाचे २,००० आणि खाण्याचे २,००० त्यात मिळवा. वर्षाची प्रवेश फी १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. खरी फी झाली १९,०००. अनामत रक्कम परत मिळणार असेल तर ती खर्चात धरू नका, पण परत मिळण्याची अट लेखी घ्या. आईच्या प्रवासाचे आणि बाहेरच्या खाण्याचे ३,००० धरले की उरतात ५,६४०. ते "सहा हजार" इथून येतात.

स्लिपची फक्त शेवटची ओळ वाचू नका

इथे खर्च पूर्ण धरला, पण कमाई पूर्ण धरली नाही. कापलेले २,१६० तिच्याच पीएफ खात्यात जातात. कंपनीही तेवढेच भरते; त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि बाकीचे पीएफमध्ये. कंपनीचा हा वाटा अनेकदा स्लिपवर दिसत नाही, तो नेमणूकपत्रातल्या सीटीसीच्या तक्त्यात शोधा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या बेसिकइतकी, २६ दिवसांचा महिना धरून मोजतात. इथे ती महिन्याला साधारण ८६५ पडते. हे सगळं मिळवलं की उरणारी रक्कम ५,६४० नाही, १०,८२५ होते.

यातले निम्मे पैसे आज हातात येत नाहीत, हे खरं. घरखर्चाची ओढाताण असेल तर हा फरक जाणवतो. तरी तो पैसा तिचाच आहे.

बाळ आजारी पडतं, रजा संपतात आणि बिनपगारी दिवस पडतात, तेही धरा. इथे एक दिवस म्हणजे १,००० रुपये.

राजीनाम्याची तारीख न पाहणं

नियमित नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षांची सलग सेवा लागते. २६ आठवड्यांपर्यंतची बाळंतपणाची रजा सेवेत धरली जाते. तिची साडेचार वर्षं झाली असतील आणि आत्ता राजीनामा दिला, तर पाच वर्षांचे सुमारे ५२,००० जातात. महिन्याला धरलेल्या त्या ८६५ रुपयांनाही मग अर्थ उरत नाही. आधी एचआरला रुजू झाल्याची तारीख विचारा. पाळणाघराचंही तिथेच विचारा: ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत त्याची सोय करणं २०१७ च्या कायदादुरुस्तीने बंधनकारक केलं आहे.

फक्त या वर्षाचा हिशेब

मूल शाळेत जायला लागलं की पूर्ण दिवसाचं पाळणाघर बहुधा लागत नाही आणि खर्च उतरतो. पगार मात्र चढत असतो. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी हेच ३०,००० सुमारे ३७,८०० होतात. तीन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा ३०,००० वरच नोकरी मिळाली, तर महिन्याला ७,८०० चा फरक पडतो आणि तो पुढची अनेक वर्षं मागे लागून राहतो. तुमच्या क्षेत्रात परतणाऱ्यांना काय पगार मिळतो, हे अशी सुट्टी घेऊन परतलेल्या दोघी-तिघींना विचारा. माझ्या मते अख्ख्या हिशेबातला हा सगळ्यात मोठा आकडा आहे, आणि कुठल्याच कागदावर तो छापलेला नसतो.

फी फक्त आईच्या पगारातून वजा करण्याचंही काही कारण नाही. बाबांची स्लिप शेजारी ठेवून हाच हिशेब मांडा. कंपनीच्या आरोग्यविम्यात बाळ आणि आजी-आजोबा कोणाच्या बाजूने आहेत, तेही पाहा.

जुळी असतील तर चित्र पालटतं. दुसऱ्या बाळाचे सवलतीतले १७,००० धरले तरी, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळवूनही, महिन्याला सहा हजारांहून जास्त कमी पडतात. तेव्हा काही काळ थांबणं हिशेबातही बसू शकतं. फक्त राजीनाम्याआधी सहा महिने ते वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज देऊन पाहा, आणि थांबलातच तर पीएफ काढू नका.