रुद्राक्ष घेण्याआधी मागायचे चार फोटो

श्रावणाला आठ दिवस उरले असताना कोथरूडच्या मावशीने मला एका सातमुखी रुद्राक्षाचा फोटो पाठवला. "काकांच्या सत्तरीला द्यायचाय, पैसे भरण्याआधी तू एकदा बघून दे गं." फोटोत कुणाच्या तरी तळहातावर एक तपकिरी गोळा होता आणि वरून पिवळ्या दिव्याचा झोत पडला होता. तेवढ्यावरून काहीच सांगता येईना. म्हणून दाणा एका दिवसासाठी पाहायला मागून घ्यायला सांगितलं, आणि फोटो कसे काढायचे ते फोनवरच लिहून दिलं. दुकानदार दूरचा असेल, तर हेच फोटो त्याच्याकडून मागावेत.

आधी उजेडाचं बघा. पावसाळ्यात पुण्यात दिवसभर मळभ असतं, पण सकाळी दहा-अकराला खिडकीशी मिळणारा मऊ उजेड या कामाला उत्तम. तो एका बाजूने यायला हवा, म्हणजे खाचांत सावली पडून रेघा उठून दिसतात. घरातले दिवे बंद ठेवा, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की रंगाचा अंदाज चुकतो. फोनचा फ्लॅश आणि फिल्टरही बंद. दाणा उभा राहावा म्हणून वाटीत तांदूळ घ्या आणि त्यात तो अर्धा रोवा. तांदळाचा पांढरा रंग फोटोत असला की दाण्याचा खरा रंग ताडता येतो आणि आकाराचाही अंदाज येतो. फोन फार जवळ नेलात तर चित्र धूसर होतं, तेव्हा वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करा. सोनाराकडचं दहापटीचं भिंग मिळालं तर ते कॅमेऱ्यासमोर धरा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेघा पाठवतानाच पुसल्या जातात.

चार फोटो हवेत. पहिले दोन दोन्ही टोकांच्या भोकांचे, अगदी वरून. तिसरा बाजूचा, पण दाणा थोडा थोडा फिरवत तो चार-पाच वेळा काढायचा. माळ असेल तर चौथा फोटो एका ओळीत मांडलेल्या दहा-बारा दाण्यांचा. विक्रेते बहुधा फक्त बाजूचा फोटो पाठवतात आणि खरी माहिती टोकाशी असते, म्हणून टोकांचा आग्रह सोडू नका.

त्याचं कारण दाण्याच्या घडणीत आहे. रुद्राक्ष म्हणजे निळ्या फळातली कोय. मुख म्हणजे कोयीवरची खाच. आत बियांचे कप्पे असतात आणि साधारणपणे जितकी मुखं तितकेच कप्पे. ही खाच देठाच्या टोकापासून निघून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते. वरून पाहिलं की सगळ्या रेघा भोकाकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या येतात. झाडावर वाढलेल्या खाचेचा तळ बारीक भेगेसारखा असतो, ती किंचित नागमोडी चालते, आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे तिच्या काठाशी आपसूक संपतात. खरी खाच उंचवट्याला मधून चिरत नाही.

मावशीचा दाणा इथेच उघडा पडला. वरून काढलेल्या फोटोत सात रेघा होत्या हे खरं, पण मी त्यांच्यामधली अंतरं पाहिली. खऱ्या सातमुखीत सात भाग साधारण सारखे असतात, म्हणजे प्रत्येकी ५१ अंशांच्या आसपास. निसर्गात थोडंफार कमीजास्त होतंच, त्यामुळे कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. या दाण्यात मात्र तीन भाग मोठे होते, आणि उरलेले चार जेमतेम त्यांच्या निम्मे. मूळ पाच भागांपैकी दोन भागांत प्रत्येकी मधोमध एक नवी रेघ ओढली की असंच चित्र तयार होतं. मग बाजूचा फोटो मोठा केला. त्या दोन रेघा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सरळ कापलेल्या होत्या, वाटेत आलेले उंचवटे त्यांनी दुभागले होते आणि एक रेघ भोकाच्या अलीकडेच संपली होती. चिरलेल्या जागी आतलं लाकूड फिकट दिसत होतं. दाणा खराच होता, पण पंचमुखी. पंचमुखी सर्वांत जास्त मिळतो आणि स्वस्त असतो, म्हणूनच असे प्रयोग त्याच्यावर होतात.

रेझीन साच्यात ओतून केलेला नकली दाणा ओळखायला ओळीचा फोटो लागतो. दोन खऱ्या रुद्राक्षांचे उंचवटे कधीच हुबेहूब जुळत नाहीत. एका दाण्यावरची एखादी ठळक खूण निवडा, समजा दोन काटे जुळून झालेला जाड उंचवटा, आणि तीच खूण त्याच जागी इतर दाण्यांवर शोधा. एका साच्यात अनेक घरं असू शकतात, म्हणून शेजारचा दाणा वेगळा दिसला तरी थांबू नका, पुढचे बघत राहा. बाजूच्या फोटोत दाण्याभोवती फिरणारी बारीक उंच सांध्याची रेघ दिसते का ते पाहा. ती एखाद्या खाचेत लपवलेलीही असते. उंचवट्यांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गोल आणि मध्येच सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खळगे, ही रेझीनची खूण.

भोक शेवटी बघा, पण नीट बघा. रुद्राक्षाच्या मधून नैसर्गिक पोकळ वाट असते आणि ती ड्रिलने मोठी करतात. त्यामुळे काठाला लाकडाचे तंतू उसवलेले किंवा बारीक टवके उडालेले दिसतात. ड्रिल बाजूला सरकलं असेल तर भोकाच्या भिंतीत बीचा कप्पा उघडा पडून काळी पोकळी दिसते. हे फोटोत वाईट दिसतं, पण माझ्या मते असा दाणा जास्त विश्वासाचा. साच्यातल्या दाण्याचं भोक नळीसारखं गुळगुळीत आणि चकचकीत असतं, तंतूंचा मागमूस नसतो.

रंगाचाही पुरावा भोकातच मिळतो. भोक पाडल्यावर दाणा रंगात बुडवला असेल तर आतली भिंतही बाहेरच्याइतकीच गडद असते, आणि खाचांच्या तळाशी रंग साचून उंचवट्यांची टोकं फिकी राहतात. वर्षानुवर्षं वापरलेल्या दाण्यात उलट होतं. हात लागून टोकं काळसर आणि गुळगुळीत होतात, खाचा मात्र निस्तेज राहतात. माळ असेल तर दोरा जरा सरकवून त्याचाही फोटो काढा, गाठीपाशी तपकिरी डाग असेल तर तो रंग उतरल्याचा असू शकतो. पण सावध राहा, तेलात मुरवलेल्या दाण्याचं भोकही गडद होतं आणि दोराही डागाळतो. म्हणून निव्वळ गडद भोकावरून दाणा नाकारू नका, खाचा आणि टोकं सोबत पाहा.

खरा दाणा पाण्यात बुडतो असं सांगतात, पण बुडतो की तरंगतो हे बघण्यात वेळ घालवू नका. ते दाणा किती वाळला आणि आत किती पोकळ आहे यावर ठरतं. तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये धरलेला खरा दाणा फिरतो म्हणतात, त्याचंही तसंच, त्यावरून काही ठरत नाही.

जास्त मुखांचा महाग दाणा असेल आणि फोटोंत रेघा भोकापर्यंत पोहोचल्यात की नाही हेच कळत नसेल, तर पैसे देण्याआधी एक्स-रे मागा. त्यात आतले कप्पे मोजता येतात, आणि कोरून वाढवलेल्या रेघेमागे कप्पा नसतो. मावशीने दुकानदाराला तेवढंच विचारलं, "याचा एक्स-रे काढून द्याल का?" त्याने दाणा परत घेतला आणि पंचमुखीची माळ पुढे केली. तिचे ओळीतले फोटो मावशीने तिथेच काढले, आणि आत्ता मी त्यांतला एकेक दाणा मोठा करून बघते आहे.