इलेक्ट्रिक गाडीचा किलोमीटरमागे खर्च काढताना या चुका टाळा

डॅशबोर्डवर दिसणारा वापर घ्यायचा, त्याला घरच्या विजेच्या दराने गुणायचं आणि आलेला आकडा पेट्रोलशेजारी ठेवायचा, असा हिशोब बहुतेक जण करतात. त्यातला प्रत्येक आकडा खरा असतो, तरी उत्तर चुकतं. वर्षाअखेरीचा खर्च मग अंदाजापेक्षा बराच जास्त निघतो आणि दोष गाडीवर येतो.

एक उदाहरण घेऊ. चलन कोणतंही असो, एक लिटर पेट्रोलचा भाव १०० माना. घरच्या विजेचा दर युनिटला ९ आणि सार्वजनिक फास्ट चार्जरचा २४. शहरात गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाते असं डॅशबोर्ड सांगतो. म्हणजे किलोमीटरला १.३५. शहरात लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला ७.१४ लागतात. फरक पाचपटीहून जास्त दिसतो.

इथली पहिली चूक डॅशबोर्डची. तो बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजतो, बिल मात्र मीटरमधून गेलेल्या विजेचं येतं. एसीची डीसी होताना काही वीज उष्णतेत जाते, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली नियंत्रण यंत्रणाही वीज खाते. साधारण १० ते १५ टक्के तूट धरावी. साध्या प्लगवर तासन् तास चार्जिंग केलं तर ती आणखी वाढते, कारण यंत्रणा तेवढा वेळ जागी राहते. आपल्या उदाहरणात १५ युनिटसाठी मीटरवर १७ पडतात आणि खर्च १.५३ होतो. खात्री करायची असेल तर चार्जरच्या लाइनवर वेगळा मीटर बसवा. बॅटरी दर वेळी एकाच टक्क्यापर्यंत भरा आणि दोन वेळांमधले किलोमीटर व युनिट यांचा भागाकार करा. वीजदर टप्प्यांचा असेल तर बिलाची सरासरी घेऊ नका. गाडीची युनिट घरच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना सहसा वरच्या टप्प्याचा दर लागतो.

ही चूक तशी लहान. हिशोब खरा बिघडतो तो महामार्गावर. सार्वजनिक चार्जर आपण मुख्यतः लांबच्या प्रवासात वापरतो आणि नेमका तिथेच गाडीचा वापरही वाढतो. वेग चढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, ब्रेकमधून परत मिळणारी वीज कमी होते. पेट्रोल गाडीचं उलट असतं: शहरातल्या थांब-चालीपेक्षा मोकळ्या रस्त्यावर ती जास्त किलोमीटर देते. त्यामुळे दर, वापर आणि तुलनेतली गाडी ही तिन्ही पारडी एकदम फिरतात. शहराचा वापर घेऊन त्याला चार्जरचा दर लावला तर पहिलीच बाजू धरली जाते.

महामार्गावर १०० किलोमीटरला बिलातली २० युनिट धरा. २४ दराने किलोमीटरला ४.८० होतात. तीच पेट्रोल गाडी तिथे लिटरला १९ देते, म्हणजे ५.२६. पाचपटीचा फरक इथे जेमतेम ९ टक्क्यांवर आला.

आता वर्षभराचा मेळ. ९,००० किलोमीटर शहरात घरच्या चार्जिंगवर आणि ३,००० महामार्गावर फास्ट चार्जरवर. घरची १,५३० युनिट, खर्च १३,७७०. बाहेरची ६०० युनिट, खर्च १४,४००. पाव अंतराने निम्म्याहून जास्त पैसे खाल्ले! एकूण सरासरी किलोमीटरला २.३५ येते, सुरुवातीच्या १.३५ पेक्षा पाऊणपटीने जास्त. पेट्रोलचा तसाच मेळ ६.६७ येतो, त्यामुळे गाडी अजूनही चांगलीच स्वस्त आहे. पण किती, ते या मिश्रणावर ठरतं. म्हणून ९ आणि २४ ची सरळ सरासरी काढू नका, किती वेळा कुठे चार्ज केलं तेही मोजू नका. एका खेपेत पाच युनिट जातात, दुसरीत चाळीस. प्रत्येक दराला त्याच्या युनिटचंच वजन द्या.

बाहेरचा दर फलकावरून न घेता पावतीवरून काढा: कर, सेवाशुल्क, थांबाशुल्क धरून झालेली एकूण रक्कम भागिले मिळालेली युनिट. मिनिटाप्रमाणे पैसे घेणाऱ्या चार्जरवर हे फार महत्त्वाचं, कारण ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग मंदावतं आणि तेवढ्याच मिनिटांत युनिट कमी मिळतात.

लांबच्या प्रवासाआधी एक आकडा काढून ठेवा. महामार्गावर पेट्रोलला किलोमीटरमागे लागणारा खर्च भागिले गाडीची किलोमीटरमागची युनिट. आपल्या उदाहरणात ५.२६ भागिले ०.२०, म्हणजे २६.३. चार्जरचा दर याच्या वर गेला की त्या टप्प्यावर पेट्रोल स्वस्त. २८ दराचा चार्जर दिसला तर गंतव्यापर्यंत पोचण्यापुरतंच तिथे भरा, उरलेलं घरी.