घरातल्या माणसाला सीजीएमचा आलेख कसा समजावून सांगावा

सीजीएम म्हणजे दिवसरात्र साखर मोजत राहणारं यंत्र. त्याचा सेन्सर दंडावर लावला की पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची नजर आलेखावरच्या सर्वांत उंच टोकावर जाते. "बाई गं, २४६!" म्हणून त्या दिवसाचा नाश्ता गुन्हेगार ठरतो. समजावून सांगताना सुरुवात त्या टोकापासून करू नये. आधी तास मोजावेत, उंची नंतर. माझ्या आत्याचा आलेख आम्ही याच क्रमाने वाचला, म्हणून तोच उदाहरण म्हणून घेते. आत्या ६३ वर्षांची आहे, सहकारनगरला राहते आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड घेते.

आधी दोन आडव्या रेषा दाखवा

खालची रेषा ७० ची आणि वरची १८० ची. या दोन्हींमधला पट्टा म्हणजे 'रेंज'. दिवसाचा जितका वेळ साखरेची रेघ या पट्ट्यात राहते, तो 'टाइम इन रेंज'. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांच्या वर असावा, असं उद्दिष्ट ठेवतात. फार वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसांना डॉक्टर ते ५० टक्क्यांपर्यंत सैल करतात, कारण त्यांच्या बाबतीत साखर फार खाली जाणं जास्त धोक्याचं असतं. ॲपमधला पट्टा खरंच ७० ते १८० असाच लावलेला आहे ना, हे सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या. कुणी तो ७० ते १४० करून ठेवला असेल, तर तेच शरीर एकदम नापास दिसतं.

टक्क्यांचे तास करा

टक्के ऐकून कुणालाच काही वाटत नाही, तास ऐकले की लगेच कळतं. १ टक्का म्हणजे साधारण १४ मिनिटं. आत्याच्या एका दिवसाचे, म्हणजे सकाळी ८ पासून दुसऱ्या सकाळी ८ पर्यंतचे आकडे होते: रेंजमध्ये ६५ टक्के, १८० च्या वर ३२ टक्के, ७० च्या खाली ३ टक्के. म्हणजे जवळजवळ पावणेआठ तास साखर वर होती, आणि पाऊण तास खाली.

वरचे तास जेवणांमध्ये वाटून टाका

खरी गंमत इथे कळते. कागद घ्या आणि प्रत्येक जेवणासमोर चार गोष्टी लिहा: खाण्याआधी साखर किती होती, टोक किती, टोक किती वाजता आलं, आणि रेघ १८० च्या खाली कधी परतली.

आत्याने साडेआठला बशीभर कांदेपोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा घेतला होता. त्याआधी साखर १२४ होती, ९:४० ला २४६ चं टोक आलं आणि १०:५० ला रेघ पट्ट्यात परतली. १८० च्या वर १ तास ५५ मिनिटं. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा वरणभात: टोक २०४, वर १ तास २५ मिनिटं. रात्री पावणेदहाला पुन्हा जवळजवळ तेच जेवण: टोक फक्त २१८, पण रेघ १०:२० ला वर गेली ती पहाटे २:४० ला उतरली. ४ तास २० मिनिटं!

"म्हणजे पोह्यांपेक्षा रात्रीचं जेवण वाईट?" आत्याने विचारलं. मी तिला पुण्यात मुठा नदीवर असलेल्या भिडे पुलाचं उदाहरण दिलं. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पाणी किती चढलं हे आपण बघतोच, पण पूल किती तास पाण्याखाली राहिला यावर अडचण ठरते. तिचा पूल रात्री सर्वांत जास्त वेळ पाण्याखाली होता आणि त्या वेळी ती झोपलेली होती.

जेवण तेच आणि परिणाम वेगळा, याचं कारण आहे. रात्र चढते तसा इन्सुलिनचा प्रतिसाद मंदावतो आणि जेवून लगेच आडवं झालं की स्नायूही साखर फारशी ओढून घेत नाहीत. आत्या उशिरा जेवत होती ती मुलासाठी. तो हिंजवडीहून ट्रॅफिक पार करून साडेनऊला घरी येतो आणि त्याच्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. असलं कारण कुठल्याही आलेखात दिसत नाही, ते बोलूनच काढावं लागतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला

पदार्थ, प्रमाण, वेळ आणि चालणं असं सगळं एकाच दिवशी बदललं, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आम्ही आधी डॉक्टरांना विचारलं, कारण साखर फार खाली नेऊ शकणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू असताना जेवणाची वेळ परस्पर हलवणं सुरक्षित नाही. त्यांनी संमती दिल्यावर फक्त वेळ बदलली: तेच जेवण पावणेआठला. टोक २११ आलं, म्हणजे उंचीत फारसा फरक नाही. पण रेघ ८:२५ ला वर गेली आणि १०:१५ ला परतली. अडीच तास वाचले, म्हणजे दिवसाचे जवळजवळ १० टक्के. मुलगा आला की आत्या आता ताकाचा पेला घेऊन त्याच्याजवळ बसते.

पोह्यांकडे आम्ही त्यानंतर वळलो. पोहे पोटाला हलके, हे खरंच आहे, आणि हलके म्हणूनच त्यांची साखर रक्तात लवकर उतरते. पोहे अर्धी बशी, सोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि आधी उसळ खायची, असं केल्यावर टोक १९८ पर्यंतच गेलं. मिसळीच्या दिवशी मात्र फसगत होऊ शकते. तर्रीतल्या तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे टोक उशिरा येतं. तासाभरात रेघ शांत दिसली म्हणून मिसळ निर्दोष ठरवू नका, निदान चार तास बघा.

खाली गेलेली रेघ वेगळी वाचा

आत्याचा तो पाऊण तास पहाटे साडेचारचा होता. रेघ १४० वरून एकदम ६२ वर आली, तिथेच राहिली आणि तशीच एकदम वर गेली. सेन्सर लावलेल्या दंडावर कूस करून झोपलं की असं होतं. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, आणि दाब पडला की आकडा खोटाच खाली दिसतो. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी 'दाबच असेल' असं धरून चालू नये. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर तपासावं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होत असेल तर तपासण्यातही वेळ घालवू नये: तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

कातडीखालचा द्रव रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, म्हणून साखर वेगाने चढत-उतरत असताना सेन्सर आणि ग्लुकोमीटर जुळत नाहीत. यंत्र बिघडलं असं समजू नका. जेवणाआधी, रेघ सपाट असताना जुळवून बघा. सेन्सर लावल्याचा पहिला दिवसही फार मनावर घेऊ नका, त्या दिवशी आकडे जास्त चुकतात.

डॉक्टरांकडे काय न्यावं

एका दिवसावर औषध बदलत नाहीत. १४ दिवसांचा एकत्रित अहवाल छापून घ्या. त्यात सगळे दिवस एकावर एक ठेवलेले असतात. मधली ठळक रेघ म्हणजे नेहमीचा दिवस, आणि भोवतीचा पट्टा जिथे रुंद होतो तिथे रोजचं काहीतरी बदलत असतं. आत्याचा पट्टा रात्री ९ नंतर सर्वांत रुंद होता. त्याच्यासोबत जेवणांच्या वेळांचा तो कागद ठेवा, आणि ७० च्या खाली गेलेल्या प्रत्येक वेळेसमोर ग्लुकोमीटरवर किती आलं तेही लिहा. गोळीचं प्रमाण ठरवताना डॉक्टर आधी तेच बघतात.