ट्रान्सक्रिप्ट सीलबंदच का मागतात?

शिकत असताना मी काही काळ विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात अर्ज तपासायला मदत करत असे. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांची अधिकृत नोंद, आधीच्या संस्थेकडूनच सीलबंद लिफाफ्यात यावी लागे. "गुणपत्रकं माझीच आहेत, मग मीच स्कॅन करून पाठवली तर काय बिघडलं?" हा प्रश्न तिथे सतत यायचा.

एक उदाहरण घ्या. एका सत्रात चार-चार क्रेडिटचे पाच विषय आहेत आणि ग्रेड पॉइंट ८, ७, ८, ७ आणि ५ आहेत. सरासरी येते ७.०. कुणी पीडीएफमध्ये त्या ५ चे ९ केले, तर सरासरी ७.८ व्हायला हवी. खाली ७.० तसेच राहिले तर तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. पण सत्राची सरासरी, एकूण सरासरी, सगळंच नीट जुळवून बदललं तर? मग कागदाकडे कितीही निरखून बघा, काही कळत नाही. म्हणून कार्यालय कागदाच्या आधी तो कुणाच्या हातून आला ते बघतं. सीलबंद लिफाफा एवढंच सांगतो की परीक्षा विभागातून निघाल्यापासून मधे कुणी तो उघडलेला नाही.

खोडाखोडीपेक्षा गाळागाळ पकडायला जास्त अवघड. नापास झालेल्या प्रयत्नाचं गुणपत्रक जोडलंच नाही, तर उरलेली सगळी गुणपत्रकं अस्सल असूनही चित्र खोटं होतं. संस्थेकडे मात्र पूर्ण नोंद असते.

नोटरीचा शिक्का इथे फारसा उपयोगी पडत नाही. समोर दाखवलेल्या कागदाशी प्रत जुळते, इतकंच तो सांगतो. दाखवलेला कागद खरा होता का, हे नाही.

लिफाफा हातात मिळाला तर तिथेच उलटा करून बघा. जिथे तो चिकटवलाय त्या जोडावरून शिक्का आणि सही गेलेली हवी. ती नसेल तर खिडकीवरून हलू नका. आतलं नाव-गुण बघायची उत्सुकता असतेच (आणि नावाची चूक खरंच सापडते), म्हणून एक जादा प्रत मागवून ती उघडा. पाठवायची प्रत एकदा उघडली की पुन्हा चिकटवून चालत नाही.

ईमेलचंही तसंच. तुम्हाला आलेली फाइल तुम्ही पुढे पाठवली की ती विद्यार्थ्याने दिलेली प्रत ठरते. विभागातल्या कुणी स्वतःच्या खासगी ईमेलवरून पाठवली तरी ती बहुधा नाकारतात. संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरूनच यावी लागते. डिजिटल सहीची पीडीएफ प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली तर सही तपासताच येत नाही, फक्त तिचं चित्र उरतं.

बरीच विद्यापीठं अर्जाच्या वेळी तुमचीच स्कॅन प्रत चालवून घेतात आणि प्रवेश मिळाल्यावर अधिकृत प्रत मागतात. दोन्ही जुळल्या नाहीत तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.