दोन माइक लावल्यावर आवाज पोकळ होतोय? पोलॅरिटी आणि अंतराच्या या चुका टाळा

गिटार अँपसमोर दोन माइक लावले. पहिल्याचा ट्रॅक एकटा ऐकला, छान. दुसऱ्याचा एकटा ऐकला, तोही छान. मग दोन्ही फेडर एकदम वर नेले आणि गिटारमधला जीवच गेला. आवाज वाढायच्या ऐवजी आत ओढला गेला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटू लागला. रेकॉर्डिंग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. त्यावर बहुतेकांचा पहिला उपाय असतो सिग्नल उलटा करणारं Ø चं बटण दाबून बघणं आणि दुसरा इक्वलायझर उघडणं. पहिला उपाय कधी बरोबर ठरतो, कधी नाही. दुसरा जवळजवळ नेहमीच वाया जातो.

मुळात इथे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि कानाला ते सारखेच वाटतात. एका दोषात माइकचा सिग्नल उलटा झालेला असतो, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. ही पोलॅरिटी. दुसऱ्या दोषात सिग्नल सुलटाच असतो, पण एका माइकपर्यंत आवाज उशिरा पोचतो. हा अंतराचा प्रश्न. पहिला बटणाने सुटतो, दुसरा माइक हलवून. एकाचं औषध दुसऱ्याला देणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

चूक: स्नेअरच्या खालचा माइक तसाच ठेवणं

पोलॅरिटीचा दोष स्वच्छ बघायचा असेल तर स्नेअर ड्रम घ्या. काठी वरच्या हेडवर पडते तेव्हा ते हेड खाली दबतं, म्हणजे वरच्या माइकपासून दूर जातं. त्या माइकचा पडदा बाहेर ओढला जातो. त्याच वेळी आतली हवा दाबली जाऊन खालचं हेडही खाली ढकललं जातं, म्हणजे खालच्या माइकच्या दिशेने येतं आणि त्याचा पडदा आत दाबला जातो. ठोका एकच, पण दोन ट्रॅकवर लहरी विरुद्ध दिशेने सुरू होतात. ट्रॅक मोठे करून ठोक्याची पहिली हालचाल बघा, एक खाली उतरताना दिसेल आणि एक वर चढताना.

स्नेअरचा भरीवपणा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या सुराची एक लहर १.७ मीटर लांब असते. तिच्यापुढे स्नेअरची उंची अगदीच किरकोळ आहे, त्यामुळे इथे अंतराचा फारसा प्रश्न येत नाही. दोन्ही माइक एकत्र केले की नेमका हा भरीव भाग कटतो आणि फक्त तारांची सळसळ उरते. Ø दाबताच तो परत येतो. बटण खालच्या माइकवरच दाबावं, कारण ओव्हरहेड माइकही ड्रमच्या वरच्या बाजूला असतात. वरचा माइक सुलटा राहिला तर त्यांच्याशीही त्याचं जमतं.

मागून उघड्या असलेल्या अँपच्या पाठीला माइक लावला तर तिथेही हेच होतं. स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा शंकूच्या आकाराचा पडदा, पुढे जातो तेव्हा मागच्या माइकपासून तो दूर जात असतो, म्हणून मागच्या माइकला Ø लागतो.

कधीकधी दोष माइकच्या जागेत नसतो, केबलमध्ये असतो. माझ्याकडे एक केबल होती, जिच्यात दुरुस्तीच्या वेळी दोन आणि तीन नंबरच्या पिना उलट जोडल्या गेल्या होत्या. एकेका ट्रॅकवर काहीच चुकीचं ऐकू यायचं नाही, म्हणून ती कितीतरी दिवस वापरात राहिली. ओळखायचा उपाय सोपा आहे. एकाच मॉडेलचे दोन माइक अगदी चिकटवून धरा, दोघांची पातळी सारखी करा आणि समोरून बोला. दोन्ही एकत्र ऐकताना आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर एका केबलमध्ये घोळ आहे. एकेक केबल काढून तिच्या जागी खात्रीची तिसरी केबल लावली की कोणती ते कळतं.

चूक: अंतराचा दोष बटणाने घालवायला जाणं

आता अँपकडे वळू. डायनॅमिक माइक कॅबिनेटच्या जाळीला जवळजवळ टेकलेला आहे. कंडेन्सर माइक त्याच्यापेक्षा १७ सेंटीमीटर मागे आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे मागच्या माइकला आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा मिळतो. ऐकायला हा काळ नगण्य आहे. पण १००० हर्ट्झची एक लहर बरोबर एक मिलिसेकंदाची असते, आणि अर्धा मिलिसेकंद म्हणजे तिची निम्मी फेरी. पुढच्या माइकवर लहर शिखरावर असते तेव्हा मागच्या माइकवर ती तळाला असते. दोघांची बेरीज शून्य. ३००० आणि ५००० हर्ट्झलाही हेच घडतं, तर मधल्या २००० आणि ४००० ला दोन्ही लहरी एकमेकींना बळ देतात. गिटारच्या आवाजाचा गाभा ज्या पट्ट्यात असतो, तिथेच कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात.

आता Ø दाबला तर काय होतं? १००० चा खड्डा भरून येतो, पण तो २००० आणि ४००० वर सरकतो, आणि अगदी खालचे सूर पूर्ण कटतात. आधी आवाज पोकळ होता, आता पातळ झाला. बरेच जण इथे दोन वाईटांतलं कमी वाईट निवडून पुढे जातात. खरं तर हीच ओळखीची खूण आहे. बटणाच्या एका बाजूला आवाज स्पष्ट भरदार आणि दुसऱ्या बाजूला स्पष्ट मरतुकडा वाटला, तर प्रश्न पोलॅरिटीचा होता आणि तो सुटला. दोन्ही बाजूंना काहीतरी हरवलेलं वाटतंय, फक्त हरवलेली गोष्ट बदलते, तर बटणाला हात लावू नका. अंतर बघा.

इक्वलायझरने १००० हर्ट्झ उचलून हा खड्डा भरत नाही. दोन ट्रॅकची बेरीज जिथे शून्य आहे, तिथे कितीही डेसिबल वाढवा, शून्यच राहणार. वाढतो तो खड्ड्याच्या दोन्ही कडांवरचा आवाज, आणि गिटार आणखी विचित्र होते.

माइकची जागा कानाने कशी शोधायची

मी पट्टीने मोजून सुरुवात करतो, पण पट्टीवर थांबत नाही. डायनॅमिक माइकचा पडदा पुढच्या जाळीच्या लगेच मागे असतो, तर बाजूने आवाज घेणाऱ्या मोठ्या कंडेन्सरचा पडदा जाळीच्या मधोमध, आत असतो. दोन्ही जाळ्या एका रेषेत आणल्या तरी पडदे एका रेषेत येत नाहीत. शिवाय एक माइक कोनाच्या मध्यावर आणि दुसरा कडेकडे रोखलेला असेल तर कोनाची खोलीही हिशेबात येते. म्हणून शेवटचा निर्णय कानाचा.

अँपमधून सलग आवाज हवा. पिंक नॉइज उत्तम, नाहीतर गिटारवाल्याला मोकळे कॉर्ड वाजवत राहायला सांगा. अँपचा आवाज कमी ठेवा, म्हणजे तुमचा कानही जपला जाईल आणि हेडफोनमधलं स्वच्छ ऐकू येईल. हेडफोन बंद कपांचाच हवा. पहिला माइक जिथे एकटा छान वाटतो तिथे पक्का करा. दोन्ही माइक एकेकटे ऐकून पातळी सारखी करा. मग दोन्ही पॅन मध्यावर आणा, दुसऱ्या माइकचा Ø मुद्दाम दाबा आणि तो माइक सावकाश पुढे-मागे करा. एका जागी आवाज अगदी बारीक होईल, खालचे आणि मधले सूर गायब होतील. पूर्ण शांतता येणार नाही, कारण दोन माइकांचा स्वभाव वेगळा असतो. जिथे आवाज सगळ्यात जास्त मरतो तिथे थांबा आणि Ø काढा. उलट्या स्थितीत जिथे सगळ्यात जास्त कटत होतं, सुलट्या स्थितीत तिथेच दोन्ही माइक सगळ्यात जास्त एकमेकांना धरून असतात. भरलेला आवाज शोधण्यापेक्षा मेलेला आवाज शोधणं कानाला खूप सोपं जातं, म्हणून हा उलटा मार्ग.

किती अचूक असावं? एका सेंटीमीटरचा फरक राहिला तर पहिला खड्डा १७,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. गिटारचा स्पीकर तिथे काही वाजवतच नाही. दोन सेंटीमीटरला तो साडेआठ हजारांवर येतो, तेही चालतं. तीन सेंटीमीटरला मात्र तो पावणेसहा हजारांपर्यंत उतरतो आणि गिटारच्या धारेला लागतो.

रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल तर मागच्या माइकचा ट्रॅक जितका उशिरा आहे तितकाच आधी सरकवता येतो. ४८ किलोहर्ट्झला अर्धा मिलिसेकंद म्हणजे २४ सॅम्पल. अँपजवळच्या दोन माइकांसाठी हे चांगलं काम करतं. ड्रमच्या ओव्हरहेडला मात्र जपून. ओव्हरहेड स्नेअरपासून जवळच्या माइकपेक्षा मीटरभर लांब असेल तर पहिला खड्डा साधारण १७० हर्ट्झला, म्हणजे स्नेअरच्या पोटातच पडतो. पण तो ट्रॅक स्नेअरसाठी सरकवलात की किक आणि टॉमशी असलेलं त्याचं नातं बदलतं. इथे आधी Ø दोन्ही बाजूंनी ऐकून बघावा, कारण बटण दाबल्याने त्याच १७० ला भर पडू शकते. दोन ओव्हरहेडचं आपसातलं अंतर तरी रेकॉर्डिंगआधीच सारखं करून घ्या. स्नेअरच्या मध्यावर दोऱ्याचं एक टोक धरा आणि तोच दोरा दोन्ही माइकांपर्यंत नेऊन बघा.

तपासताना होणाऱ्या चुका

एक माइक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवून ऐकलं तर सगळं रुंद आणि सुंदर वाटतं. दोन लहरी हवेत वेगवेगळ्या स्पीकरमधून येत असतात, त्यामुळे तिथे तसं कटत नाही. तोच मिक्स फोनच्या एका स्पीकरवर वाजला की गिटार गायब. म्हणून तपासणी नेहमी मोनोत करा. पातळीही सारखी ठेवूनच करा. एक माइक दुसऱ्यापेक्षा १० डेसिबल खाली असेल तर सगळ्यात खोल खड्डाही फक्त तीनेक डेसिबलचा राहतो आणि दोष झाकला जातो. पुढे मिक्समध्ये तो फेडर वर गेला की दोष उघडा पडतो. उलट बाजूने पाहिलं तर हाच एक वैध उपायही आहे. दुसरा माइक लांबच हवा असेल, खोलीसाठी, तर त्याला पुरेसा खाली ठेवा.

तीनास एकचा नियम इथे लावू नका. दुसरा माइक तिप्पट लांब ठेवला की फेजचा, म्हणजे लहरी मागेपुढे पडण्याचा, प्रश्न सुटतो, असं अनेकदा सांगितलं जातं. तो नियम दोन वेगळ्या वाद्यांवरच्या दोन माइकांचा आहे, शेजारच्या वाद्याचा आवाज आत शिरताना पुरेसा कमी व्हावा यासाठी. एकाच अँपवर पातळी सारखी केलेल्या दोन माइकांना तो काहीच मदत करत नाही. जवळचा माइक ५ सेंटीमीटरवर आणि दुसरा १५ वर ठेवला तर १० सेंटीमीटरचा फरक पडतो आणि पहिला खड्डा १७०० हर्ट्झला, अगदी नको तिथे येतो.

जागा सापडली की स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर टेप लावा आणि माइकच्या नळीवरही खूण करा. अँपचा आवाज पुन्हा वाढवल्यावर पहिल्या टेकआधी Ø एकदा दाबून-सोडून बघा. दाबल्यावर आवाज मरत असेल तर माइक जागेवर आहेत. मरत नसेल तर मधल्या काळात कुणाचा तरी पाय स्टँडला लागला आहे.